डांबरी रस्त्यावर धावायला पहिले रनिंग शूज घेताना

आठवड्यातून तीन दिवस सकाळी धावायचं, दर वेळी तीन-चार किलोमीटर आणि तेही घराजवळच्या डांबरी रस्त्यावर, एवढंच तुमचं ठरलं असेल तर बुटांची निवड दुकानात वाटते तेवढी अवघड नाही. कार्बनची पट्टी, टाचेतली हवेची पिशवी, शर्यतीसाठीचे पिसासारखे हलके बूट यातलं काहीही तुम्हाला लागत नाही. पायाच्या लांबी-रुंदीला नीट बसणारा, टाचेखाली पुरेसा फोम आणि त्याखाली टिकाऊ रबर असलेला साधा रोड रनिंगचा बूट लागतो. गडबड होते ती ‘नीट बसणारा’ या दोन शब्दांत. लोक आधी कंपनी ठरवतात, मग रंग, मग सवलत बघतात आणि पायाचा विचार शेवटी करतात. हा क्रम उलटा करायचा.

नाशिकच्या माझ्या मावसबहिणीचं उदाहरण पुढे अधूनमधून येईल. वय 38, डॉक्टरांनी चालण्याऐवजी थोडं धावायला हरकत नाही असं सांगितलेलं, आणि आजवर चप्पल-सँडल कायम पाच नंबरची.

आधी घरी पाय मोजा

दुकानात जाण्याआधी दोन्ही पायांची मापं हातात हवीत. ती संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि धावतानाही तसाच सुजतो. भिंतीला लागून जमिनीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभे राहा. बसून मोजलं तर पाय पसरत नाही आणि माप कमी येतं. खुणा दुसऱ्या कोणाला तरी करायला सांगा, कारण स्वतः वाकलात की भार सरकतो. सर्वांत पुढे येणाऱ्या बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून एक रेघ मारायची. हे बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ मारा.

बहिणीचा डावा पाय 24.1 सेंटीमीटर भरला आणि उजवा 24.6. दोन पायांत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण यूके मापात अर्ध्या नंबरचा फरक साधारण सव्वाचार मिलिमीटरचा असतो. म्हणजे तिच्या दोन पायांचा नंबरच वेगळा होता आणि सँडलच्या पट्ट्यांमुळे हे कधी जाणवलं नव्हतं. बूट घ्यायचा तो नेहमी मोठ्या पायाच्या मापाने. लहान पायाचा सैलपणा लेस आवळून किंवा थोडा जाड मोजा घालून सावरता येतो, पण आखूड बूट कशानेही लांब होत नाही.

आता मोठ्या पायाच्या लांबीत साधारण एक सेंटीमीटर मिळवा. बुटाच्या आत बोटांपुढे एवढी मोकळी जागा लागते. धावताना प्रत्येक पावलाला पाय किंचित पसरतो, पुढे सरकतो, आणि अर्ध्या तासात थोडा फुगतोही. चार किलोमीटरच्या धावेत दोन्ही पायांची मिळून चार-पाच हजार पावलं सहज पडतात. तेवढ्या वेळा बोटाचं टोक बुटाच्या नाकाला घासलं की नख काळं पडतं. उतारावर हे आणखी लवकर होतं.

बहिणीला म्हणजे आतून साधारण 25.6 सेंटीमीटर लांबीचा बूट हवा होता. ही आतली लांबी खोक्यावर छापलेली नसते. खोक्यावर आणि बुटाच्या जिभेवर यूके, यूएस आणि युरोपीय नंबरांबरोबर बहुधा सेंटीमीटरचा एक आकडा असतो. हा आकडा सहसा पायाच्या लांबीचा असतो, बुटाच्या आतल्या लांबीचा नाही. त्यामुळे 24.6 च्या पायाने आधी 25 चा आणि मग 25.5 चा बूट घालून बघायचा. यूके नंबरवर विसंबू नका. सेंटीमीटरचं माप तेच ठेवलं तरी एका कंपनीचा साडेपाच आणि दुसरीचा साडेसहा येऊ शकतो. ‘माझा नंबर पाच’ असं सांगत दुकानात शिरणारा माणूस बहुधा आखूड बूट घेऊनच बाहेर पडतो.

रुंदी

लांबीबद्दल सगळे बोलतात, रुंदीबद्दल फारसं कोणी नाही. आपल्याकडे बरेच जण लहानपणापासून घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत वावरलेले असतात, त्यामुळे बोटं पसरलेली आणि चवडा रुंद असणं अगदी नेहमीचं आहे. अनेक परदेशी कंपन्यांचे नेहमीचे साचे मात्र त्या मानाने अरुंद असतात. मग रुंद पायाचा माणूस करंगळी दबते म्हणून एक नंबर मोठा बूट घेतो. रुंदी भागते, पण लांबी नको तेवढी वाढते, टाच आत सरकायला लागते आणि फोड येतात. अशा वेळी मोठा नंबर नको, त्याच नंबरातला रुंद बूट हवा. काही कंपन्या ‘वाइड’ किंवा ‘टू-ई’ असं लिहून तो देतात. पुरुषांच्या बुटात टू-ई म्हणजे नेहमीपेक्षा रुंद. बायकांच्या बुटांचा साचा मुळातच अरुंद असतो, म्हणून रुंद पायाच्या बाईने पुरुषांचा बूट घालून बघायला काहीच हरकत नाही. पाय स्त्रीचा की पुरुषाचा हे बुटाला कळत नाही, आणि रंग सोडला तर बघणाऱ्यालाही.

कोणत्या प्रकारचा बूट

दुकानात ‘स्पोर्ट्स शूज’ या एकाच नावाखाली चालण्याचे, जिमचे, टेनिसचे, डोंगरवाटेचे आणि नुसते दिसायला धावण्याचे असे सगळे बूट मांडलेले असतात. तुम्हाला रोजच्या सरावाचा रोड रनिंगचा बूट हवा आहे, त्याला बरेच जण ‘डेली ट्रेनर’ म्हणतात. तो ओळखायला बूट उलटा करा.

तळाला जिथे टाच पहिल्यांदा टेकते तो मागचा बाहेरचा कोपरा आणि चवड्याखालचा भाग, या दोन जागी रबर असायलाच हवं. काही स्वस्त आणि काही अतिहलक्या बुटांना रबर जवळजवळ नसतंच, सगळा उघडा फोम असतो. दिसतो छान, पण डांबराची खडी कानशीसारखी काम करते आणि तो फोम दोन-तीन महिन्यांत झिजायला लागतो. उलट डोंगरवाटेच्या बुटाला खोल खाचांचं नक्षीदार रबर असतं. ते मातीत पकड घेतं, डांबरावर मात्र खडबडीत लागतं आणि त्याचे उंचवटे लवकर घासून जातात.

मग बूट दोन्ही हातांत धरून टोकाकडून वाकवा. तो चवड्याशी, म्हणजे तुमची बोटं वळतात तिथे वाकला पाहिजे. बरोबर मध्यावर मोडल्यासारखा वाकत असेल तर तो धावण्यासाठी बनलेला नाही. टाचेच्या मागची कड दाबून बघा. ती थोडी टणक असावी, चिमटीत सहज चेपू नये. आणि बूट सपाट टेबलावर ठेवून मागून नजर टाका. नवाकोरा बूट एका बाजूला झुकलेला दिसला तर तो जोड परत द्यायचा.

टाचेखालची आणि चवड्याखालची उंची यांतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. नेहमीच्या बुटांत तो 8 ते 12 मिलिमीटर असतो, काहींत चार, काहींत शून्य. ड्रॉप कमी झाला की भार पोटरी आणि टाचेमागच्या स्नायुबंधावर जातो, वाढला की थोडा गुडघ्याकडे सरकतो. नव्याने धावणाऱ्याने 8 ते 10 च्या आसपासचा बूट घेतला म्हणजे हा विषय संपला. शून्य ड्रॉपचे बूट वाईट नसतात, पण पोटरीला त्यांची सवय व्हायला महिने लागतात आणि धावण्याची सवय आणि त्या बुटांची सवय एकाच वेळी लावायला जाऊ नये.

फोम किती मऊ असावा, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर जमिनीवर पडतो, म्हणून मऊ तेवढं चांगलं असं वाटतं. पण अतिमऊ आणि उंच फोमवर घोटा डगमगतो, आणि आपल्या रस्त्यांवर हे महत्त्वाचं आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यात खड्ड्यांवरचे थर आणि गटाराची झाकणं. त्यामुळे दाबल्यावर दबेल पण उभं राहिल्यावर डळमळणार नाही असा मध्यम फोम घ्या. एकाच कडेने धावू नका, परतताना बाजू बदला. म्हणजे उतरत्या बाजूचा त्रास एकाच पायाला होत नाही. वाहतूक सुरू झाली असेल तर मात्र समोरून येणारी गाडी दिसेल तीच बाजू धरायची.

पाय आत वळतो म्हणून खास बूट?

कोणीतरी तुम्हाला ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून बघायला सांगेल. ठसा भरीव आला की तळवा सपाट, म्हणजे पाय आत वळतो, म्हणजे आधार देणारा ‘स्टॅबिलिटी’ बूट हवा, असं हे गणित. काही दुकानांत ट्रेडमिलवर पळवून, मागून व्हिडिओ काढून हेच सांगतात, आणि नेमका महाग बूट पुढे येतो.

पाय टेकल्यावर थोडा आत वळणं ही शरीराचीच धक्का जिरवायची रीत आहे. डेन्मार्कमध्ये 900 पेक्षा जास्त नवशिक्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे, आधार नसलेले बूट देऊन वर्षभर पाहिलं गेलं. 2014 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. आत वळणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्या, असं त्यात दिसलं नाही. अमेरिकी सैन्यात नव्या जवानांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट वाटूनही दुखापती कमी झाल्या नाहीत. लक्झेंबर्गच्या एका अभ्यासात मात्र ज्यांचे पाय बरेच आत वळतात त्यांना आधाराच्या बुटांचा फायदा झालेला दिसला, म्हणजे ते बूट अगदीच निरुपयोगी नाहीत. पण पहिला बूट निवडायला ओला ठसा पुरेसं कारण नाही. साध्या, ‘न्यूट्रल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटापासून सुरुवात करा. आधीपासून घोट्याचा किंवा गुडघ्याचा आजार असेल, मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी असेल, तर हा निर्णय दुकानात नव्हे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे घ्यायचा.

दुकानात

संध्याकाळी जा आणि ज्या मोज्यांत धावणार तेच घेऊन जा. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात, म्हणून नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या मिश्रणाचे पातळ मोजे बरे. दुकानातला पारदर्शक मोजा घालून बूट बघू नका, त्याने माप फसतं.

बूट घालण्याआधी आतला सुटा तळवा, म्हणजे इनसोल, ओढून बाहेर काढा. बहुतेक रनिंग शूजमध्ये तो निघतो. जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा, टाच त्याच्या मागच्या कडेला लावा. सर्वांत पुढे येणाऱ्या बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का आणि चवडा किंवा करंगळी कडेबाहेर सांडते का, हे नजरेने कळतं. सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, घालून बघायचीही गरज नाही. विक्रेता थोडा चकित होईल, होऊ द्या.

जो बूट यातून पास होईल तो दोन्ही पायांत घाला, लेस बांधा आणि उभे राहा. समोर अंगठ्याची रुंदी, आत बोटं मोकळेपणी हलवता येणं, आणि टाच मागे धरून ठेवलेली, या तीन गोष्टी एकत्र हव्यात. चालताना टाच अगदी किंचित उचलली तर चालेल, पण प्रत्येक पावलाला ती बुटातून सुटत असेल तर आधी लेस बदलून बघा. सर्वांत वरचं, जरा मागे असलेलं जास्तीचं भोक बहुतेक लोक मोकळंच सोडतात. त्यातून लेस त्याच बाजूला ओवून एक छोटा फास करा, समोरच्या लेसचं टोक त्या फासातून नेऊन खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच घट्ट बसते आणि चवडा मोकळा राहतो. तरीही सुटत असेल तर तो बूट तुमच्या टाचेचा नाही.

यानंतर पळून बघायचं. नुसतं फरशीवर चार पावलं चालून काही कळत नाही. दुकानाच्या आतल्या मोकळ्या पट्ट्यात, नाहीतर परवानगी घेऊन बाहेर पदपथावर एक-दोन मिनिटं हळूहळू पळा. जिना असेल तर उतरून बघा, उतरताना बोटं पुढे आपटली तर बूट आखूड. आणि जमलं तर एका पायात एक मॉडेल, दुसऱ्यात दुसरं असं घालून पळा. एकेकटे दोन्ही बरे वाटतात, पण शेजारी शेजारी आले की एकाची शिवण घासते, एकाची कमान टोचते, हे लगेच जाणवतं.

बहिणीने चार बूट घातले. पाच नंबर तिने सवयीने आधी मागितला, तो पाय आत जाताच बाद झाला. दुसरा 25 सेंटीमीटरचा होता. उभं राहिल्यावर ठीक, पण जिना उतरताना उजव्या पायाचं दुसरं बोट पुढे लागलं. विक्रेता म्हणाला, ‘ताई, आठ दिवसांत सैल होईल.’ चामड्याच्या बुटाबाबत हे थोडंफार खरं असेल, पण रनिंग शूजची जाळी लांबीला ताणत नाही. पहिल्या दिवशी जो चावतो तो पुढेही चावतो. तिसरा 25.5 चा, लांबीला बरोबर, पण इनसोलवर करंगळी बाहेर. चौथा त्याच लांबीचा, दुसऱ्या कंपनीचा, चवड्यात रुंद. डाव्या, लहान पायाची टाच जराशी सरकत होती, ती वरच्या भोकाच्या फासाने थांबली. रंग तिला आवडला नव्हता, तरी तिने तोच घेतला.

दोन बूट सारखेच बसत असतील तर जो पळताना आपोआप विसरायला होतो तो घ्या. आरामदायक वाटणं हा ढोबळ निकष वाटतो, पण बुटाच्या बाबतीत पायाचा तो निर्णय बहुतेक तांत्रिक वर्णनांपेक्षा भरवशाचा असतो.

पैसे

आठवड्याला 12 किलोमीटर म्हणजे आजारपण, पाहुणे आणि पावसाळा वजा करून वर्षाला सुमारे 500 किलोमीटर. एक चांगला डेली ट्रेनर साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. म्हणजे तुमचा बूट एक वर्ष, फार तर दीड वर्ष चालणार. त्यासाठी सर्वांत वरच्या किमतीचा बूट घेण्यात अर्थ नाही. ओळखीच्या कंपनीचा मधल्या किमतीचा, किंवा नवीन आवृत्ती आल्यावर स्वस्त झालेली मागची आवृत्ती, हा उत्तम सौदा. तीन दिवस एकाआड एक धावत असाल तर दुसऱ्या जोडाचीही गरज नाही, मधल्या दिवसात फोम पुन्हा फुगतो आणि बूट वाळतो.

रस्त्यावर मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’ मात्र धावायला घेऊ नका. वरचा भाग हुबेहूब असतो, पण आतला फोम कसला आहे हे कोणालाच माहीत नसतं, तो जड आणि कडक निघतो. त्यापेक्षा साध्या कंपनीचा खरा बूट कधीही बरा. ऑनलाइन घ्यायचा असेल तर दोन लगतचे नंबर मागवा, घरात पुसलेल्या फरशीवर घालून बघा आणि टॅग न काढता एक परत करा. परतीची अट आधी वाचा, काही विक्रेते फक्त नंबर बदलून देतात, पैसे नाही.

पहिले दोन-तीन आठवडे

नवे बूट आधी एक-दोन दिवस घरात किंवा चालायला वापरा, मग छोट्या धावेला. या काळात पाय काय सांगतो ते असं वाचायचं. नख काळं पडलं किंवा बोटाचं टोक दुखलं तर बूट आखूड. धावताना बोटं बधिर होत असतील तर आधी चवड्यावरची लेस सैल करा, तरीही होत असेल तर रुंदी कमी. टाचेमागे फोड आला तर टाच सरकते आहे, वरचा फास बांधा. नडगी किंवा गुडघा दुखायला लागला तर मात्र लगेच बुटाला दोष देऊ नका. नव्या माणसाच्या बाबतीत हे बहुधा अंतर एकदम वाढवल्यामुळे होतं. अंतर निम्मं करून आठवडाभर बघा. तरी दुखत राहिलं, किंवा हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर नेमकं दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरकडे जा.

बूट फक्त धावण्यासाठी ठेवा. तेच घालून भाजी आणायला आणि ऑफिसला गेलात तर त्याचे किलोमीटर तिथेच संपतात आणि हिशेब राहत नाही. पावसाळ्यात वॉटरप्रूफ बुटाच्या मागे लागू नका. मुसळधार पावसात पाणी वरून घोट्यातून आत जातं आणि मग बाहेर पडायला वाव राहत नाही, साधी जाळी लवकर निथळते. घरी आल्यावर इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, आणि बूट पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने फोम आणि डिंक दोन्ही खराब होतात. वॉशिंग मशीन टाळा, ओल्या फडक्याने पुसलं की भागतं.

बूट संपला हे वरून कळत नाही. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यातलं रबर झिजणं नेहमीचं आहे, बहुतेकांची टाच तिथेच आधी टेकते. पण तिथून फोम दिसायला लागला, फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, किंवा टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलंडलेला दिसला, तर त्याचं काम झालं. खरेदीची तारीख इनसोलखाली पेनाने लिहून ठेवा आणि पुढचा बूट तोच घ्यायचा असला तरी पुन्हा घालून, पळून बघा. तेच नाव ठेवून कंपन्या नव्या आवृत्तीत साचा बदलतात, आणि गेल्या वर्षीचा साडेपंचवीस यंदा करंगळीला लागू शकतो.